साठ नोकऱ्या, पण संस्थेमुळे किती?

एखाद्या सामाजिक उपक्रमावर खर्च झालेल्या एका रुपयामागे समाजाच्या पदरात किती रुपयांचा फायदा पडला, हे सांगणाऱ्या गुणोत्तराला सामाजिक गुंतवणूक परतावा म्हणतात. संस्थांच्या बैठकांत त्याचे चालते नाव ‘एसआरओआय’. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉबर्ट्स एंटरप्राइज डेव्हलपमेंट फंडाने हा हिशेब मांडायला सुरुवात केली आणि २००९मध्ये ब्रिटनच्या कॅबिनेट ऑफिसने त्याची मार्गदर्शिका काढली. भारतात २०२१पासून मोठ्या सीएसआर खर्चाच्या कंपन्यांना एक कोटी किंवा त्याहून जास्त खर्चाच्या प्रकल्पांचे मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावे लागते. कायदा हेच गुणोत्तर मागत नाही, तरी असे अहवाल वाढले तसे तेही ठिकठिकाणी दिसू लागले. कौशल्य प्रशिक्षणाच्या अहवालांत ते हमखास असते, कारण तिथला फायदा पगाराच्या रूपाने थेट रुपयांतच हाती येतो. आणि तो फुगवणेही तिथेच सगळ्यात सोपे.

हिशेबासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी एक संस्था रुग्णसेवा सहायकांचा चार महिन्यांचा कोर्स चालवते. बॅच शंभर जणांची आणि खर्च माणशी २५ हजार, म्हणजे एकूण २५ लाख रुपये. कोर्स संपल्यावर वर्षभराने ६० जण नोकरीत आहेत आणि त्यांचा सरासरी पगार १२ हजार आहे. वर्षाचे ८६ लाख ४० हजार झाले. तीन वर्षे असेच चालेल असे धरले, तर २५ लाखांवर २५९ लाख मिळाले आणि रुपयामागे दहा रुपयांहून जास्त परतावा सुटला. पत्रकावर छापायला हा आकडा झकास आहे, पण एक प्रश्न त्यात विचारलेलाच नाही: कोर्स झाला नसता तर हे शंभर जण आज काय करत असते?

त्याचे उत्तर देऊ शकणारी माणसे संस्थेच्या दाराशीच येऊन गेलेली असतात. जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिला, तर चिठ्ठी न निघालेले अर्जदार ही तुलनेची सर्वांत भरवशाची माणसे. उदाहरणात अशांपैकी शेकडा ३५ जण वर्षभराने कुठे ना कुठे कामाला लागलेले आहेत आणि महिन्याला दहा हजार मिळवतात. याचा अर्थ साठातल्या ३५ जणांना काम तसेही मिळाले असते. कोर्समुळे त्यांचा पगार फक्त दोन हजारांनी वाढला. पूर्ण बारा हजारांचे श्रेय घेता येते ते उरलेल्या २५ जणांपुरते. महिन्याची खरी भर ३ लाख ७० हजार, वर्षाची ४४ लाख ४० हजार. पहिल्या वर्षाचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. जे एरवीही झालेच असते, त्या भागाला या क्षेत्रात ‘डेडवेट’ म्हणतात.

चिठ्ठ्या न टाकता मुलाखतीतून निवड केली की ही तुलना बिघडते. मुलाखतीत चुणचुणीत मुले निवडली जातात, आणि चुणचुणीत मुलांना कोर्सविनाही काम लवकर मिळते. ‘आधी किती कमवत होता, आता किती’ हा सोपा मार्ग तर आणखी फसवा आहे. काम सुटले, पगार घटला, हात तंगीत आला, म्हणूनच माणूस कोर्सला नाव घालतो, आणि पुष्कळदा पुढे तो आपोआप सावरणारच असतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८मध्ये प्रशिक्षणार्थींच्या कमाईत प्रवेशाआधीची ही घसरण दाखवून दिली. सर्वांत खोल खड्ड्यापासून मोजले की कोणताही कोर्स यशस्वी दिसतो.

यानंतर वाटेकऱ्यांचा विचार येतो. गावातल्या रुग्णालयाने या मुलांना वॉर्डात उभे करून स्वखर्चाने शिकवले असेल, तर त्या भागाचे श्रेय संस्थेचे नाही. उदाहरणात त्यासाठी दहा टक्के वजा केले की ४० लाख उरतात. मात्र जी मदत चिठ्ठी न निघालेल्यांनाही सारखीच मिळाली, ती तुलनेतच वजा झालेली असते; तिची पुन्हा कपात केली तर संस्थेवर उलटा अन्याय होतो.

त्याहून अवघड प्रश्न जागांचा. गावात रुग्णसेवकांच्या जागाच मोजक्या असतील, तर संस्थेची मुलगी लागली म्हणजे दुसरीच कुणी तरी घरी बसली. ब्रुनो क्रेपाँ, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये फ्रान्समधल्या नोकरी-साहाय्य योजनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. मदत मिळालेल्या तरुणांना झालेल्या लाभातला काही भाग त्याच भागातल्या मदत न मिळालेल्यांच्या संधींतून आला होता, आणि रोजगाराची टंचाई होती तिथे हे जास्त ठळक होते. संस्थेला हे दिसत नाही, कारण घरी बसलेली मुलगी तिच्या यादीतच नसते. इथे २५ टक्के कपात धरली आहे; उरले ३० लाख. हा टक्का बहुतेक वेळा अंदाजानेच ठरतो. मालकांना निदान एवढे विचारता येते: ही मुले आली नसती तर जागा रिकामी राहिली असती का?

पहिल्या वर्षाचा फायदा पुढेही तेवढाच राहत नाही. काही जण नोकरी सोडतात आणि कोर्स न केलेलेही हळूहळू पगारात बरोबरी गाठतात. दरवर्षी ३० टक्के घट धरली तर ३० लाखांचे दुसऱ्या वर्षी २१ आणि तिसऱ्या वर्षी १४.७ लाख होतात. उद्याचा रुपया आजच्यापेक्षा कमी मोलाचा, म्हणून आठ टक्क्यांनी सूट लावली की तिन्हींची आजची किंमत सुमारे ५७ लाख ४५ हजार भरते. २५ लाखांवर परतावा २.३.

खर्चाची बाजूही अजून अपुरी आहे. कोर्सचे चार महिने मुलांची किरकोळ कमाई बुडाली. माणशी महिना दोन हजार म्हटले तरी ते आठ लाख होतात. हे गुंतवणुकीत मिळवले तर परतावा १.७४ येतो, फायद्यातून वजा केले तर १.९८. आठ लाख तेच, फक्त रकाना बदलला. निव्वळ फायदा मात्र दोन्हीकडे साडेचोवीस लाखांच्या आसपासच राहतो, म्हणून जाणकार आधी ती रक्कम पाहतात आणि मग गुणोत्तर.

ब्रिटनचे नमुने जसेच्या तसे उतरवले तर आणखी गफलत होते. तिथल्या अहवालांत सरकारचा वाचलेला बेरोजगार भत्ता लाभ म्हणून धरतात. तालुक्याच्या गावातल्या मुलीला तो मिळतच नव्हता, तर वाचणार काय? आत्मविश्वास वाढला, घरात शब्दाला मान आला, हे बदल खरे असतात. पण पगारामुळेच आलेल्या मानाला वेगळी किंमत लावली की एकच फायदा दोनदा मोजला जातो.

एवढे करूनही आकडा तुलनेतल्या त्या ३५ टक्क्यांवर तोललेला राहतो. ते ४५ निघाले तर १.७४चा परतावा १.२७वर येतो आणि ५१च्या आसपास गेले तर घातलेला पैसा जेमतेम सुटतो. म्हणून अहवाल हाती आला की आधी पाहायचे ते हे, की ३५ हा आकडा कुठून आला आणि किती जणांना प्रत्यक्ष गाठून काढला. वर्षभराने फोन उचलतात ते बहुधा नोकरीत टिकलेले. नंबर बदललेल्यांना वगळून टक्केवारी काढली असेल, तर शंभर जणांची बॅच कागदावर सत्तरचीच उरते आणि साठ नोकऱ्यांचे प्रमाण ८६ टक्के दिसू लागते.