साडेपाच हजारांत काय काय येतं?

जिल्ह्याच्या गावी गाडी शिकायला क्लास लावायचा म्हटलं, की दोन दर कानावर येतात. एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये 3,500 रुपये, चार दुकानं सोडून दुसरीकडे 5,500. गाडी साधारण सारखीच, रस्ते तेच, आरटीओही एकच. साहजिकच माणूस स्वस्तात जातो. पण पैसे भरण्याआधी हा हिशेब एकदा मांडून पाहायला हवा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे खासगी गाडीचं प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं असावं लागतं आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर 10 तास भरावे लागतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या 20 फेऱ्या. पॅकेजचा दर या एका फेरीच्या खर्चावरून ठरतो.

एक गाडी आणि एक शिकवणारा असलेलं छोटं स्कूल धरू. शिकवणाऱ्याचा पगार महिना 18,000. गाडीचा हप्ता, विमा, डबल कंट्रोलची देखभाल आणि नवशिक्यांच्या पायाखाली लवकर झिजणारी क्लचप्लेट मिळून 15,000. दुकानाचं भाडं आणि किरकोळ खर्च 8,000. एकूण 41,000. विद्यार्थी आले काय, न आले काय, हे पैसे जाणारच.

दिवसाला फार तर 12 फेऱ्या होतात. पण सगळ्या कधीच भरत नाहीत. नोकरदारांना सकाळी सात ते नऊ हवं असतं नाहीतर संध्याकाळ. दुपारी गाडी झाडाखाली उभी. कुणी ऐनवेळी येत नाही. रोज 9 फेऱ्या भरल्या, तर 26 दिवसांत 234 होतात आणि एका फेरीवर 175 रुपये बसतात. बाराही भरल्या असत्या, तर हाच आकडा 131 वर आला असता. रिकाम्या दुपारचे पैसे सकाळचा विद्यार्थी भरतो. म्हणूनच दुपारी येणाऱ्याला सवलत देणारं स्कूल मला हिशेबी वाटतं. तिथे दर कमी असला तरी शिकवण्यात काटछाट झालेली नसते.

पेट्रोलचा खर्च मात्र फेरीगणिक वाढतो. विद्यार्थ्याला घरून घेण्यासह एका फेरीत सहा किलोमीटर धरले, तर 20 फेऱ्यांचे 120. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत जाणारी गाडी लिटरला 12 किलोमीटर देते. दहा लिटर लागलं आणि दर 105 रुपये धरला, तर 1,050 रुपये झाले. फेऱ्यांचे 3,500 आणि हे, म्हणजे 4,550. मालकाचे साडेनऊशे धरले की 5,500 होतात.

आता 3,500 वाल्याचं पाहा. त्याच्या बाराच्या बारा फेऱ्या भरल्या, तरी खर्च 3,680 येतो. मग तो कुठून वाचवतो? बहुतेक वेळा अर्ध्या तासाची फेरी वीस मिनिटांची होते. 20 फेऱ्या म्हणजे मग पावणेसात तासही नाहीत. किंवा एक चालवत असताना दुसरा मागे बसतो आणि तो वेळ दोघांच्याही नावावर लागतो.

याची झळ टेस्टच्या दिवशी बसते. लर्निंग लायसन्स मिळाल्यावर 30 दिवस टेस्ट देता येत नाही. क्लास 21 दिवसांत संपतो, मधले दिवस गाडीला हात लागत नाही आणि टेस्टला रिव्हर्स घेताना गाडी रेषेबाहेर जाते. त्यामुळे शेवटच्या दोन फेऱ्या टेस्टच्या आठवड्यासाठी राखून ठेवायला सांगा. त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झाल्यास 60 दिवस थांबावं लागतं. सरकारी फी दर वेळी 300 रुपये, ती भरावीच लागते. स्कूलचा खर्च वेगळा. गाडी आणि शिकवणारा आरटीओत तीन तास अडकले, की सहा फेऱ्यांचे 1,050 रुपये जातात. तिघांना एकत्र नेलं, तर प्रत्येकी 350. त्याआधी सरावाच्या दोन फेऱ्या पेट्रोलसह 455. म्हणजे फेरपरीक्षेचे सुमारे 800 रुपये रास्त आहेत. ते सगळ्यांच्या पॅकेजमध्ये घातले, तर पहिल्या झटक्यात पास होणाऱ्यावर अन्याय होतो, म्हणून वेगळे घेणंच बरोबर. पण कुणी दोन हजार मागत असेल, तर विद्यार्थी नापास होण्यातच त्या स्कूलचा फायदा आहे. माझ्या मते 10 तास पूर्ण करूनही विद्यार्थी नापास झाला, तर पहिल्या फेरपरीक्षेचे पैसे स्कूलने घेऊ नयेत. फेऱ्या बुडवणाऱ्याने मात्र ते द्यावेत.

10 तास खरंच भरले का, हे कळायला वाद घालावा लागत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने किती तास गाडी चालवली, याची नोंद स्कूलला फॉर्म 15 च्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. क्लास लावताना ते पाहायला मागा आणि रोज उतरताना आपली वेळ त्यात लिहिली गेली की नाही, ते स्वतः वाचा.