कट ठोक्यावर की भावनेवर?

चित्रपटाच्या संकलनात एक शॉट तोडून दुसरा कुठे जोडायचा, हे कधी संगीताचा ठोका ठरवतो, तर कधी पात्राच्या मनातली हालचाल.

मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर दोन ठोक्यांमध्ये १२ फ्रेम येतात. नृत्य किंवा मिरवणूक दाखवताना ठोक्यावरचा कट जोश वाढवतो. मात्र प्रत्येक ठोक्यावर कट आला, की प्रेक्षकाला पुढचा कट आधीच कळतो आणि दृश्य यांत्रिक वाटते.

समजा, याच गाण्यावर निरोपाचा प्रसंग आहे. मुलगा गाडीत चढतो, आई हसून हात हलवते. ठोका पडतो तेव्हा ती अजून हसतेच आहे; हसू मावळते त्यानंतर आठ फ्रेमनी. ठोक्यावर कट केला तर तो क्षणच हरवतो. अशा वेळी शॉट पुढे चालू ठेवावा आणि गरज पडल्यास संगीताची पट्टी आठ फ्रेम पुढे सरकवावी.

ख्यातनाम संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटच्या निकषांत भावनेला ५१ टक्के, कथेला २३ टक्के, तर लयीला १० टक्के महत्त्व दिले आहे.

पारखण्याचा सोपा उपाय म्हणजे संगीत बंद करून दृश्य पाहणे. आवाजाविना कट अकारण वाटला, तर तो केवळ ठोक्याच्या आधारावर उभा आहे. गाण्यात तो चालेल. कथेच्या प्रसंगात तो बदलावा.