विरत जाणाऱ्या झोक्याचा आलेख

गाडीचा शॉकअप गेला की नाही, हे मेकॅनिक हाताने तपासतो. बॉनेटचा एक कोपरा जोर लावून खाली दाबायचा आणि सोडून द्यायचा. शॉकअप चांगला असेल तर गाडी वर येते आणि लगेच स्थिर होते. गेलेला असेल तर ती वरखाली डुलत राहते, प्रत्येक डुलणे आधीच्यापेक्षा थोडे लहान. या विरत जाणाऱ्या हालचालीला अवमंदित दोलन म्हणतात. तिचा आलेख संगणकाशिवाय, पेन्सिल आणि आलेखाच्या कागदावर अचूक काढता येतो. फक्त काय आधी काढायचे आणि काय नंतर, हे कळायला हवे.

उदाहरण म्हणून सुमारे एक मीटर लांबीचा लंबक घेऊ. असा लंबक साधारण २ सेकंदांत एक पूर्ण झोका घेतो. त्याच्या गोळ्याखाली बारीक तार लावली आणि तिचे टोक वाटीतल्या एरंडेल तेलात बुडवले, की तेलाचा विरोध झोका हळूहळू कमी करतो. मधल्या जागेपासून लंबकाचे अंतर सेंटीमीटरमध्ये असे मिळते, असे मानू:

y = 8e^(−0.2t) cos(πt)

येथे t म्हणजे सेकंदांतला वेळ. सूत्राचे दोन भाग दोन वेगळी कामे करतात. कोसाइन झोका देतो. त्याची किंमत +१ आणि −१ यांच्या बाहेर कधीच जात नाही. 8e^(−0.2t) हा भाग झोक्याला किती जागा मिळणार ते ठरवतो. म्हणूनच आलेख नेहमी +8e^(−0.2t) आणि −8e^(−0.2t) या दोन रेषांच्या आत राहतो. या त्याच्या आवरणरेषा. त्या आधी काढायच्या, आणि त्याही तुटक.

आवरणरेषेसाठी मोठा हिशोब लागत नाही. दर सेकंदाला आधीच्या उंचीला ०.८१८७ ने गुणत जायचे. शून्य सेकंदाला ८, मग ६.५५, ५.३६, ४.३९, ३.५९ आणि पाचव्या सेकंदाला २.९४. हे बिंदू जोडले की वरची रेषा झाली. आडव्या अक्षाखाली तिचेच प्रतिबिंब काढले की खालची. ही रेषा सुरुवातीला उतरती आणि पुढे सपाट होत जाणारी असते. पट्टी लावून सरळ काढली तर पुढचे सगळे चुकते.

त्यानंतर अक्षावर ०.५, १.५, २.५ सेकंद अशा ठिकाणी बिंदू द्यायचे. तिथे कोसाइन शून्य असतो, म्हणून आलेख अक्ष ओलांडतो. झोका लहान झाला तरी या बिंदूंमधले अंतर एक सेकंदच राहते. शेवटी शेवटी लाटा एकमेकींजवळ ओढणे ही नेहमीची चूक आहे. मग शून्य, २, ४ सेकंदांना वरच्या रेषेवर आणि १, ३, ५ सेकंदांना खालच्या रेषेवर खुणा करायच्या. तिथे आलेख आवरणाला स्पर्श करतो.

आता खुणा जोडताना एक बारकावा सांभाळावा लागतो. स्पर्शबिंदू म्हणजे लाटेचा माथा नव्हे. आलेख आवरणाला टेकतो तेव्हा त्याचा उतार आवरणाच्या उताराइतकाच असतो, आणि आवरण तर उतरते आहे. दुसऱ्या सेकंदाला आलेख सेकंदाला सुमारे १.०७ सेंटीमीटर या वेगाने खाली येत असतो. म्हणजे माथा त्याआधीच होऊन गेलेला असतो. गणित केल्यास तो १.९८ सेकंदांना, ५.३७ सेंटीमीटरवर सापडतो. कागदावर हा फरक दिसणारही नाही. पण सूत्रातल्या ०.२ च्या जागी १ घेतले, तर माथा स्पर्शबिंदूच्या जवळपास ०.१ सेकंद आधी येतो आणि तो डोळ्यांना कळतो.

याच कारणाने सूत्रातला लंबक शून्य सेकंदालाही स्थिर नसतो. तो किंचित वेगाने मधल्या जागेकडे निघालेला असतो. हातात धरून नुसता सोडलेला लंबक स्थिर स्थितीतून निघतो. त्याच्या आलेखाची सुरुवात आडवी काढावी लागते आणि सगळे स्पर्शबिंदू सुमारे ०.०२ सेकंद पुढे सरकतात.

हे सगळे विरोध वेगाच्या प्रमाणात असेल तरच खरे ठरते. घट्ट तेलात, कमी वेगाला ते बऱ्यापैकी जुळते. कोरड्या पृष्ठभागावर घासणाऱ्या वस्तूचा विरोध मात्र वेगाप्रमाणे बदलत नाही, आणि तिथे आवरणरेषा सरळ येते. प्रयोगातून मिळालेला आलेख कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायचे असेल, तर एकाच बाजूच्या लागोपाठच्या माथ्यांच्या उंची मोजा. प्रत्येक उंची आधीच्या उंचीच्या ठरावीक पटीत येत असेल, आपल्या लंबकात ०.६७ पट, तर आवरण घातांकी आहे. दर वेळी ठरावीक सेंटीमीटर कमी होत असतील, तर तिथे कोरडे घर्षण काम करते आहे.