फायनाइट ऑटोमेटन आणि रेग्युलर एक्सप्रेशन

फायनाइट ऑटोमेटन म्हणजेच मर्यादित अवस्थांचे यंत्र हे संगणन सिद्धांतातील एक गणिती प्रारूप आहे. ते चिन्हमाला डावीकडून उजवीकडे एकदाच वाचते आणि शेवटी ती स्वीकारते किंवा नाकारते. रेग्युलर एक्सप्रेशन ही चिन्हमालांचा संच सूत्ररूपाने लिहिण्याची पद्धत आहे. या दोहोंची वर्णनक्षमता समान असल्याचे अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात सिद्ध केले.

== उदाहरण ==
केवळ `a` आणि `b` ही चिन्हे असलेल्या आणि `aab` ने संपणाऱ्या सर्व चिन्हमाला ओळखायच्या आहेत, असे मानू. त्यांचे रेग्युलर एक्सप्रेशन असे लिहितात:

```
(a|b)*aab
```

यात `|` चा अर्थ 'किंवा' आणि `*` चा अर्थ 'शून्य किंवा अधिक वेळा' असा होतो.

याच संचासाठी चार अवस्थांचे यंत्र पुरते. वाचलेल्या भागाच्या शेवटी `aab` ची सुरुवातीची जास्तीत जास्त किती चिन्हे जुळली आहेत, एवढेच प्रत्येक अवस्था लक्षात ठेवते. `q0` मध्ये एकही चिन्ह जुळलेले नसते, `q1` मध्ये `a`, `q2` मध्ये `aa` आणि `q3` मध्ये पूर्ण `aab` जुळलेले असते. `q0` ही आरंभ अवस्था, तर `q3` ही स्वीकार अवस्था होय.

```
      a    b
q0    q1   q0
q1    q2   q0
q2    q2   q3
q3    q1   q0
```

== नेहमीची चूक ==
`q2` मध्ये असताना पुन्हा `a` आल्यास जुळणी मोडली असे समजून अनेक विद्यार्थी यंत्राला `q0` कडे पाठवतात. तसे केल्यास `aaab` ही योग्य चिन्हमाला नाकारली जाते. वस्तुतः `aaa` ची शेवटची दोन चिन्हे `aa` हीच असल्याने यंत्र `q2` मध्येच राहिले पाहिजे. मग त्याचा मार्ग `q0`, `q1`, `q2`, `q2`, `q3` असा होतो आणि चिन्हमाला स्वीकारली जाते. म्हणून आराखडा तपासताना ज्यांत जुळणी अर्ध्यावर मोडते, अशा चिन्हमाला मुद्दाम वापरून पाहाव्यात.

== मर्यादा ==
जितके `a`, त्यानंतर तितकेच `b` असलेल्या चिन्हमालांचा संच असे कोणतेही यंत्र ओळखू शकत नाही. समजा, यंत्राला चार अवस्था आहेत. शून्य ते चार `a` असलेल्या पाच चिन्हमाला त्याला दिल्यास त्यांपैकी किमान दोन एकाच अवस्थेत पोहोचतात. त्या दोन `a` आणि `aaa` असल्यास दोहोंपुढे एक `b` जोडल्यावरही यंत्र एकाच अवस्थेत असेल. त्यामुळे `ab` स्वीकारताना ते `aaab` ही चुकून स्वीकारेल. अवस्था कितीही वाढवल्या, तरी त्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे हाच युक्तिवाद लागू पडतो.