बोट न उचलता परत पोचता येतं का?

शेजारची दहावीतली मुलगी परवा प्रयोगवही घेऊन आली. ओहमच्या नियमाचा प्रयोग होता. आकृतीवर लाल फुली होती, शेरा काहीच नव्हता. "काका, सगळं तर काढलंय. चुकलं काय?" सगळं होतं खरं. दोन विद्युतघट, कळ, दहा ओहमचा रोध, अमीटर, व्होल्टमीटर, आणि तारा पट्टीने आखलेल्या. लांबून पाहिलं तर पुस्तकातलीच आकृती वाटावी.

मी तिला म्हटलं, पुस्तक मिट. ही आकृती एखाद्या वायरमनला दिलीस आणि त्याने डोकं न चालवता रेघ न् रेघ तशीच जोडली, तर काय होईल ते पाहू. आकृती तपासायची मला माहीत असलेली सगळ्यात भरवशाची रीत हीच. पुस्तकाशी ताडून पाहिलं, तर आकृती वेगळी दिसते एवढंच कळतं आणि वेगळी दिसणारी आकृती पुष्कळदा बरोबरही असते. रोध कुणी नागमोडी रेघेने दाखवतं, कुणी लांबट चौकटीने, आणि दोन्ही चालतं.

तिची पहिली चूक घटातच होती. घटाच्या चिन्हात दोन समांतर रेघा असतात. लांब रेघ म्हणजे धन अग्र, आखूड रेघ म्हणजे ऋण. आखूड रेघ बहुधा जाड काढतात. हिने चारही रेघा सारख्याच उंचीच्या काढल्या होत्या. "थोडंसं लहान-मोठं झालं तर काय बिघडतं?" असं तिचं म्हणणं. बिघडतं ते असं, की सारख्या उंचीच्या दोन रेघा हे कपॅसिटरचं चिन्ह आहे. पंख्यात असतो तोच. त्यात वीज तयार होत नाही, आणि बॅटरीची एकाच दिशेची धारा तो क्षणभर घेऊन मग अडवतो. म्हणजे आमच्या वायरमनने बॅटरीच्या जागी दोन कपॅसिटर बसवले असते आणि परिपथात वीज देणारं काही उरलंच नसतं.

दुसरी चूक मला जास्त आवडली, कारण ती हाताच्या सवयीतून आलेली होती. हिने आधी पट्टीने अख्खा आयत आखला आणि मग त्या रेघेवर चिन्हं चढवली. रोधाची नागमोड छान आली, पण तिच्या पोटातून मूळची सरळ रेघ तशीच गेलेली. डोळ्यांना ती खोडायची राहिलेली रेघ वाटते. वायरमनला मात्र ती रोधाच्या दोन्ही टोकांना जोडलेली तार दिसणार. धारेला दहा ओहमचा रोध आणि जवळपास शून्य ओहमची तार असे दोन रस्ते मिळाले, तर जवळपास सगळी धारा तारेतून जाणार. दोन घटांचे मिळून तीन व्होल्ट, रोध दहा ओहम, म्हणजे अमीटरवर ०.३ अँपिअर दिसायला हवेत. इथे मात्र काटा थेट शेवटच्या टोकाला आपटेल, घट तापतील आणि रोधापाशी जोडलेला व्होल्टमीटर शून्याजवळ बसून राहील. शॉर्ट सर्किट म्हणतात ते हेच. म्हणून आधी चिन्हं काढावीत आणि मग त्यांच्या टोकांना तारा जोडाव्यात.

रेघ खोडून झाल्यावर तिला म्हटलं, आता घटाच्या लांब रेघेवर बोट ठेव, आणि बोट न उचलता आखूड रेघेपर्यंत परत ये. बोट निघालं ते कळीपाशी अडलं. कळ म्हणजे दोन कंस, आणि हिने मधली जागा रिकामी ठेवली होती. रिकामे कंस म्हणजे उघडी कळ, मध्ये ठिपका दिला की बंद. ही शब्दांची गंमत मुलांना नेहमी चकवते. घरात आपण दिवा बंद करतो तेव्हा परिपथ उघडा होतो, आणि कळ बंद झाली की दिवा लागतो! उघडी कळ काढणं ही मुळात चूक नाही, जोडणी दाखवायची असेल तर ती तशीच काढतात. पण हिच्या आकृतीत कळ उघडी होती आणि तारांवर धारेचे बाण होते. रस्ता तुटलेला असताना धारा वाहील कशी? ठिपका तरी द्यायचा, नाहीतर बाण तरी काढून टाकायचे.

पुढे व्होल्टमीटरची एक तार मुख्य तारेच्या केसभर अलीकडे थांबली होती. अशी फट शोधायला वही डोळ्यांजवळ न्यावी लागत नाही, बोटाऐवजी टोकदार पेन्सिल फिरवली की ती आपोआप सापडते. तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथेही असंच थबकावं. ठिपका असेल तर सांधा, नसेल तर एक तार दुसरीच्या वरून नुसती गेलेली.

आता बाण. आकृतीच्या वरच्या बाजूचे बाण डावीकडून उजवीकडे होते, आणि खालच्या बाजूचेही डावीकडून उजवीकडेच. आपण लिहितो तसे! एकाच वाटोळ्या रस्त्यावर वरची धारा उजवीकडे गेली, तर खालची डावीकडेच यायला हवी. नाहीतर दोन्हीकडून आलेली धारा उजव्या कोपऱ्यात जमा होत राहील, आणि तारेत धारा साठून राहत नाही. जिथे फाटे फुटतात तिथेही हाच हिशेब लागतो. येणाऱ्या धारांची बेरीज जाणाऱ्यांच्या बेरजेइतकी असते. गुस्ताव किरचॉफने १८४५मध्ये मांडलेला नियम तो हाच.

"पण इलेक्ट्रॉन तर ऋणाकडून निघतात ना?" तिने बरोबर प्रश्न काढला. निघतात. पण धन-ऋण ही नावं अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने रूढ केली आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७मध्ये. तोवर धारा धनाकडून ऋणाकडे दाखवायची पद्धत पक्की झाली होती, ती बदलली नाही. त्यामुळे बाहेरच्या तारेत बाण लांब रेघेकडून निघतो. तो ज्या टोकाने अमीटरमध्ये शिरतो ते अमीटरचं धन टोक, आणि रोधात ज्या बाजूने शिरतो त्या बाजूला व्होल्टमीटरचं धन. उलटं जोडलं तर काटा शून्याच्या मागे जाऊन अडतो.

मात्र धन अग्रात शिरणारा प्रत्येक बाण चुकीचा धरू नये. मी स्वतः एकदा असा बाण खोडला होता, म्हणून सांगतो. सहा आणि तीन व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, प्रत्येकीचा आतला रोध एक ओहम, धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडलेलं, आणि त्यांना समांतर चार ओहमचा रोध. हिशेब केला तर दोन सांध्यांमध्ये चार व्होल्ट येतात. सहा व्होल्टची बॅटरी दोन अँपिअर देते. त्यातला एक अँपिअर रोधातून जातो आणि उरलेला एक तीन व्होल्टच्या बॅटरीत धन अग्राकडून शिरतो. दोन आले, एक अधिक एक गेले. आकृतीत त्या बॅटरीचा बाण बाहेर जाणारा धरून गणित सोडवलं, तर उत्तर उणे एक येतं. आकडा बरोबर, बाण तेवढा फिरवायचा.

"म्हणजे मोबाइल चार्जिंगला लावल्यावर त्याच्या बॅटरीत होतं तसं?" तिने विचारलं. तसंच. मग तिने खोडरबर मागितला आणि खालच्या बाजूचे बाण फिरवायला घेतले.