फोटोची डागडुजी : भाग ९
नजर थोडी इकडे आणताना

मागच्या आठवड्यात चष्म्यावरची चकाकी काढली. या वेळी त्याहून नाजूक काम. फोटो छान आलाय, चेहऱ्यावरचं हसू खरं आहे, प्रकाश उत्तम आहे, पण डोळे कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी पाहतायत. गोदाघाटावर फोटो काढणाऱ्यांना हे नवीन नाही. रामकुंडाकडून घंटा वाजली की नेमक्या त्याच क्षणी समोरच्याची नजर हलते.

उदाहरण घेऊ पंचवटीतल्या एका घरातलं. आजींचं सहस्रचंद्रदर्शन, खिडकीजवळ खुर्चीत बसवून काढलेला फोटो. कॅमेरा साधारण दोन मीटरवर. फोटोग्राफरच्या उजव्या हाताला, लेन्सपासून फूटभर अंतरावर पणतू उभा. त्याने काहीतरी चाळा केला, आजी हसल्या आणि क्लिक झालं. त्या हसण्यासारखं हसू बाकीच्या एकाही फ्रेममध्ये नाही. घरच्यांना हाच फोटो मोठा करून लावायचा आहे, पण आजी ‘आपल्याकडे’ पाहत नाहीत.

आधी नजर किती हलवायची ते काढू, आणि ते अंदाजपंचे काढायची गरज नाही. मोठ्या माणसाच्या बुबुळाची रुंदी जवळपास सगळ्यांची सारखी असते, ११.५ ते १२ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक चेहऱ्यावर एक मोजपट्टी तयारच असते. आजींच्या फोटोत बुबुळ ११८ पिक्सेल रुंद भरलं, म्हणजे १० पिक्सेलला साधारण एक मिलिमीटर. दोन मीटरवर फूटभर बाजूला पाहिलं की डोळा सुमारे साडेआठ अंश वळतो. डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तिथपासून बाहुली जवळपास १० मिलिमीटर पुढे असते. तेव्हा एवढ्या वळणात ती दीड मिलिमीटर सरकते. आपल्या हिशेबात १५ पिक्सेल.

मी मात्र १२ वरच थांबतो. समोरच्याची नजर दोन-तीन अंश इकडेतिकडे असली तरी पाहणाऱ्याला ती आपल्यावरच वाटते. उलट पिक्सेल जास्त सरकला तर चेहरा तिरळा किंवा रोखून पाहणारा दिसू लागतो. हसणाऱ्या आजींना रोखून पाहायला लावण्यापेक्षा किंचित कमी पडलेलं परवडलं.

आता प्रत्यक्ष काम. लिक्विफायच्या ब्रशने बुबुळ ढकलायचा मोह टाळा, बुबुळ अंडाकृती होतं. लॅसोने पूर्ण बुबुळ, भोवती थोडी पांढरी कड घेऊन निवडा, एक-दोन पिक्सेल फेदर द्या आणि `Ctrl+Shift+J` ने वेगळ्या लेयरवर आणा. आजींच्या वयात बुबुळाच्या कडेला राखाडी-पांढरी कडी येते, तीही निवडीत आली पाहिजे. ती अर्धी मागे राहिली की खालच्या लेयरवर चंद्रकोरीसारखा डाग उरतो. दोन्ही डोळे सारखेच सरकवा, कारण पणतूही कॅमेऱ्याइतक्याच अंतरावर होता. माणूस शून्यात, लांब कुठेतरी पाहत असेल तर त्याशिवाय प्रत्येक डोळा पिक्सेल-दीड पिक्सेल नाकाकडे आणावा लागतो.

बुबुळ सरकलं तरी वरची पापणी जागची हलत नाही. म्हणून लेयर मास्क लावून बुबुळाचा वरचा भाग पापणीच्या रेषेत पुन्हा कापायचा. पापणीची सावलीसुद्धा पापणीचीच असते, बुबुळाबरोबर ती सरकवायची नाही.

बुबुळ डावीकडे गेल्यावर उजवीकडे जी जागा उघडी पडते, खरी कसोटी तिथे लागते. फोटोत डावीकडे दिसणाऱ्या डोळ्यात ती जागा नाकाच्या बाजूला आहे. तिथलं पांढरं गुलाबीसर आणि शिरांचं असतं. दुसऱ्या डोळ्यात ती कानशिलाच्या बाजूला येते, तिथे ते जरा स्वच्छ असतं. म्हणून एका डोळ्याचा तुकडा दुसऱ्याला जोडू नये. त्याच कोपऱ्यात उरलेल्या पांढऱ्यातून क्लोन स्टॅम्पने थोडं थोडं भरत यावं. कोपऱ्याकडे आणि वरच्या पापणीखाली डोळ्याचं पांढरं गडद होत जातं, ती छटा राखली नाही तर बाहुल्यासारखे डोळे दिसतात.

इथे एक गंमत आहे. हा भरलेला तुकडा जरा काळपट राहिला, तर बुबुळ हलवूनही नजर हललेलीच वाटत नाही. पांढऱ्याची एक बाजू गडद असली की पाहणाऱ्याला नजर त्या बाजूला ओढलेली भासते, हे प्रयोगांत दिसून आलं आहे. तेव्हा ‘सरकवलं तरी फरक पडेना’ असं झालं, तर आणखी सरकवण्याआधी त्या तुकड्याचा उजेड तपासा. फोटो अगदी लहान करून पाहिला की हा दोष लगेच डोळ्यात भरतो.

राहिली खिडकीची चमक, आपला कॅचलाइट. ती बुबुळावर रंगवलेली नसते, बुबुळासमोरच्या पारदर्शक गोल पडद्यावर पडलेलं ते प्रतिबिंब असतं. डोळा वळला की बाहुली जितकी सरकते, त्याच्या निम्म्याहून थोडी जास्तच ही चमक सरकते. बुबुळ १२ पिक्सेल सरकवलं तर चमक सातच. म्हणून चमक आधी वेगळ्या लेयरवर काढून ठेवावी आणि खालची जागा बुबुळाच्याच रंगाने भरून घ्यावी. आजींच्या फोटोत पाच पिक्सेलचा हा फरक छोट्या प्रिंटमध्ये कळणार नाही, पण १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटमध्ये डोळे निर्जीव का वाटतात याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

हा सगळा हिशेब चालतो तो चेहरा समोर असताना. १८२४ मध्ये विल्यम वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवलं की चित्रातले तेच डोळे, एक रेषही न बदलता, नाक आणि खालचा चेहरा वळवला की वेगळीकडे पाहू लागतात. म्हणून तीन-चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्यात दोन्ही बाजूंचं पांढरं सारखं करायला जाऊ नका, नजर चुकणारच. तिथे त्याच बैठकीतली, नीट लेन्सकडे पाहणारी दुसरी फ्रेम शेजारी उघडून तिच्यावरून काम करावं.

आडवी हललेली नजर आणता येते, खाली गेलेली जवळपास नाही. माणूस खाली पाहतो तेव्हा वरची पापणीही उतरते. नुसतं बुबुळ वर नेलं तर ते पापणीआड जातं आणि माणूस पेंगुळलेला दिसतो. अशा वेळी दुसऱ्या फ्रेममधले डोळे पापण्यांसकट आणणं बरं. नजर १२-१५ अंशांहून जास्त वळली असेल तरीही हाच मार्ग.

आणि एक. दोन्ही डोळे एकाच बाजूला गेले असतील तरच ती हललेली नजर. एकच डोळा बाजूला असेल तर बाकीच्या फ्रेम पाहा. सगळीकडे तसाच दिसला तर ती त्या माणसाची ठेवण आहे, घरच्यांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नका.

पुढच्या आठवड्यात ग्रुप फोटोतले मिटलेले डोळे घेऊ. तोवर बैठकीतल्या नापसंत फ्रेम पुसून टाकू नका, त्या कामात त्याच लागणार आहेत.