एसी घेण्याआधी छताकडे बघा

परभणीत मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो. वरच्या मजल्यावर दुकान असेल तर एसी किती टनाचा लागेल, हे बरंचसं छत ठरवतं. 200 चौरस फुटांचा उघडा, काळवंडलेला स्लॅब भर उन्हात ढोबळ हिशोबाने अडीच किलोवॅटपर्यंत उष्णता आत सोडतो. पांढरा कूल रूफ कोट मारला की ती दीडवर येते. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, म्हणजे पाव टन वाचला. लोड 1.7 टन निघत असेल तर 2 ऐवजी 1.5 टनाचा एसी पुरतो. कोट धुळीने मळला की फायदा घटतो, म्हणून उन्हाळ्याआधी धुवून घ्या.

छतावर बाग केली तरी गारवा मिळतो, पण 10 सेंटीमीटर ओली माती चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भरते. उन्हाळ्यात पाणीही लागतं. स्लॅब इंजिनिअरला दाखवल्याशिवाय माती टाकू नका.